एका परिच्छेदाच्या सहा स्लाइड

लांबलचक परिच्छेद इन्स्टाग्रामवर द्यायचा तर तो पूर्णविरामापाशी तोडून चालत नाही. तोडायचं कुठे, हे वाचणाऱ्याला काय करायचं आहे त्यावर ठरतं. हा परिच्छेद पाहा:

‘जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात, म्हणून ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ते मुलाला थोडं थोडं पाजावं, उलटी झाल्यास दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यावं, अंगावरचं दूध चालू ठेवावं, पण मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठावा.’

आधी यातली क्रियापदं वेगळी काढा: विरघळवणं, पाजणं, थांबणं, दूध चालू ठेवणं, दवाखाना गाठणं. प्रत्येकीची एक स्लाइड आणि सुरुवातीला एक मथळा, अशा सहा झाल्या:

1. मुलाला जुलाब होताहेत? गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढा.
2. मूल सुस्त, डोळे खोल गेलेले किंवा शौचात रक्त? लगेच दवाखान्यात न्या.
3. ओआरएसचं पाकीट नाही? 1 लिटर स्वच्छ पाणी, साखर 6 सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा 5 मिलिलिटरचा.
4. हे साखर-मिठाचं पाणी मुलाला थोडं थोडं पाजा.
5. उलटी झाली? 10 मिनिटं थांबा, मग साखर-मिठाचं पाणी पुन्हा हळूहळू द्या.
6. अंगावरचं दूध बंद करू नका.

तिसऱ्या स्लाइडवर तीन मापं आहेत, तरी कल्पना एकच आहे. मीठ एका स्लाइडवर आणि पाणी दुसऱ्या स्लाइडवर गेलं, तर कुणी तेवढंच मीठ कमी पाण्यात घालेल, आणि जास्त खारट पाणी मुलाला अपायकारक असतं. जे एकटं वाचल्यावर धोक्याचं ठरतं, ते तोडायचं नाही. ‘उलटी झाली तर’ ही अटही म्हणूनच तिच्या सूचनेपासून वेगळी केलेली नाही.

धोक्याची लक्षणं परिच्छेदात शेवटी होती, ती दुसऱ्या स्लाइडवर आणली. सगळेच शेवटपर्यंत सरकवत नाहीत, त्यामुळे जी सूचना चुकून चालणार नाही ती मागे ठेवू नये.

परिच्छेदातलं ‘ते’ मागच्या शब्दांच्या आधारावर उभं होतं. स्लाइड सुटी झाली की तो आधार जातो. म्हणून चौथ्या आणि पाचव्या स्लाइडवर ‘साखर-मिठाचं पाणी’ असं पूर्ण लिहिलं. ‘म्हणून’ गळला, पण त्यातलं कारण मथळ्यात आलं.

आकार 1080 बाय 1350 पिक्सेल ठेवला तर उभ्या फोनवर अक्षर मोठं घेता येतं. मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, शब्द कमी करा.

शेवटी कुठलीही एक स्लाइड, बाकीच्या न दाखवता, घरातल्या माणसाला वाचायला द्या. त्याने ‘म्हणजे कशाचं?’ असं विचारलं, तर ती स्लाइड पुन्हा लिहा.