मॉडेलमध्ये जिना एकदम परफेक्ट, मग प्रत्यक्षात डोकं का आपटतं?

सोसायटीच्या जिन्याखालून मीटरबॉक्सकडे जाताना आपण न सांगता मान खाली घालतो. बिल्डिंग चाळीस वर्षं जुनी असेल तर ठीक आहे, पण अगदी नव्या, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करून बांधलेल्या इमारतीतही हे होतं. मॉडेलमध्ये तर जिना मस्त दिसत होता, रेलिंग चकाकत होतं. मग गडबड कुठे झाली?

ती समजून घ्यायला आपणच एक जिना मॉडेल करून बघू. तळमजला अधिक दोन मजले अशी छोटी इमारत घेऊ. एका फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची ३,००० मिमी. जिना नेहमीचा, म्हणजे अर्ध्यावर लँडिंग आणि तिथून उलटं वळून पुढचा टप्पा. बिल्डिंगमध्ये शिरायचा दरवाजा लँडिंगच्या खालून. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळी गंमत त्याच्यात आहे.

आधी पायऱ्यांचा हिशोब

पायरीची उभी उंची म्हणजे राइझर आणि पाय ठेवायची आडवी जागा म्हणजे ट्रेड. भारताचा नॅशनल बिल्डिंग कोड राहत्या इमारतीसाठी राइझर जास्तीत जास्त १९० मिमी आणि ट्रेड कमीत कमी २५० मिमी सांगतो. बाकीच्या इमारतींसाठी हेच आकडे १५० आणि ३०० होतात. पण ही मर्यादा आहे, आदर्श नव्हे. मर्यादेवर चालणारा जिना आजीला विचारा कसा वाटतो ते.

चालायला सोपा जिना कुठला, याचं एक जुनं गणित आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँडेल याने ते मांडलं. जिना चढताना माणसाचं पाऊल ठरावीक लांबीचं पडतं, आणि वर उचलायला आडव्यापेक्षा साधारण दुप्पट कष्ट पडतात. म्हणून दोन राइझर आणि एक ट्रेड यांची बेरीज ६०० ते ६५० मिमीच्या आसपास असावी.

आता आपली ३,००० मिमी उंची. १९० ने भागली तर १५.७९ येतात. पाऊण पायरी बांधता येत नाही, म्हणून किमान १६ राइझर, प्रत्येकी १८७.५ मिमी. ट्रेड २५० धरला तर बेरीज ६२५. म्हणजे नियमात बसतं, सूत्रातही बसतं, पण जिना खडा होतो. १८ राइझर घेतले तर प्रत्येकी १६६.७ मिमी येतात. ट्रेड २८० ठेवला की बेरीज ६१३. हा जिना जास्त आरामाचा. किंमत एवढीच की जिन्याची खोली सुमारे अर्धा मीटर लांब लागते, आणि त्या अर्ध्या मीटरवरूनच मालक आणि आर्किटेक्टची वादावादी होते. आपण १८ घेऊ. नऊ राइझर खालच्या टप्प्यात, नऊ वरच्या.

इथे नवशिक्यांचा एक गोंधळ होतो. नऊ राइझर म्हणजे नऊ ट्रेड नाहीत, आठच. नवव्या राइझरवर चढलं की आपण लँडिंगवरच असतो. म्हणून टप्प्याची लांबी आठ गुणिले २८०, म्हणजे २,२४० मिमी. लँडिंगची खोली जिन्याच्या रुंदीपेक्षा कमी नको, नाहीतर वळणावर कपाट अडकतं. आपण दोन्ही १,२०० धरू.

रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं दोन मिनिटांत होतं. `Desired Number of Risers` मध्ये १८ टाकायचे, `Actual Tread Depth` मध्ये २८०, आणि `Actual Riser Height` ते स्वतः काढून दाखवतं. तो आकडा आपल्याला हाताने बदलता येत नाही आणि ते बरंच आहे, कारण सगळे राइझर सारखेच राहतात.

सारखेच? मॉडेलमध्ये हो. साइटवर मात्र पहिला आणि शेवटचा राइझर फसवू शकतो. समजा मॉडेलमधल्या मजल्यांच्या लेव्हल काँक्रीटच्या आहेत आणि जिनाही काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत मोजलाय. पुढे मजल्यावर लादी आणि तिच्याखालचा थर मिळून ५० मिमी चढले, पायऱ्यांवर मात्र ३० मिमीचाच दगड बसला. आता पहिली पायरी वीस मिमीने कमी भरते आणि सगळ्यात वरची वीस मिमीने जास्त. एक १४७ ची, एक १८७ ची, मधल्या सगळ्या १६७ च्या. दोन-तीन पायऱ्यांनंतर आपण खाली बघत नाही, पायाला अंदाज आलेला असतो. त्यामुळे नेमका शेवटच्या पायरीवर पाय अडतो. उपाय सोपा आहे. जिना तयार फरशीच्या लेव्हलवरून मोजायचा आणि दगडाची जाडी त्यातून वजा करून काँक्रीट ठरवायचं.

आता दरवाजा उघडू

नऊ राइझर चढल्यावर लँडिंग येतं १,५०० मिमीवर. लँडिंगचा स्लॅब आणि वरची लादी मिळून २०० मिमी जाडी धरा. खाली उरले १,३०० मिमी. आपला दरवाजा इथेच आहे! कोड म्हणतो की जिन्याखालून किंवा लँडिंगखालून जायची वाट असेल तर डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी. इथे तर मोठा माणूस कंबरेत वाकूनच जाईल.

प्लॅनमध्ये हे दिसतच नाही. प्लॅनमध्ये दरवाजा आहे, जिना आहे, बाण आहे, सगळं छान. आणि सॉफ्टवेअर राइझर-ट्रेडबद्दल कुरकुर करेल, पण डोक्यावरच्या मोकळ्या जागेबद्दल स्वतःहून एक शब्द काढत नाही.

मग पहिला सुचणारा उपाय म्हणजे लँडिंग वर उचलणं. खालच्या टप्प्यात १५ राइझर आणि वरच्यात ३ केले की लँडिंग २,५०० वर जातं आणि खाली २,३०० मिळतात. प्रश्न सुटला असं वाटतं. आता सेक्शन कापून एक मजला वर बघा. पुढच्या मजल्याचा जिना आपण नऊ-नऊचाच ठेवलाय, म्हणून त्याचं लँडिंग जमिनीपासून ४,५०० वर आहे. म्हणजे खालचा तिरका टप्पा आणि बरोबर त्याच्या डोक्यावरचा तिरका टप्पा यांच्यात उभं अंतर फक्त २,००० मिमी. त्यातून वरच्या टप्प्याची जाडी वजा करायची.

ही जाडी लोक कमी धरतात. तिरका स्लॅब १५० मिमीचा असला तरी तो तिरका असल्यामुळे उभा मोजला की १७५ भरतो. त्यावर पायरीची स्वतःची १६७ उंची, वर दगड, खाली प्लास्टर. सगळं मिळून ४०० च्या घरात. उरले १,६००. दरवाज्यातून ताठ मानेने शिरलेला माणूस जिना चढताना वरच्या जिन्याला धडकणार. अडचण सुटली नाही, फक्त एक टप्पा वर सरकली.

तर मधला मार्ग शोधावा लागतो. इमारतीचं जोतं रस्त्याच्या बाजूच्या जमिनीपासून ७५० मिमी उंच आहे असं धरू. दरवाज्याच्या आतली फरशी जोत्याच्या लेव्हलला न ठेवता ७५० मिमी खाली ठेवली, आणि टप्पे ११ आणि ७ असे केले. आता लँडिंग जोत्यापासून १,८३३ वर, म्हणजे दरवाज्याच्या फरशीपासून २,५८३ वर. २०० वजा केले तरी सुमारे २,३८० उरतात. वरच्या बाजूला ४,५०० वजा १,८३३ म्हणजे २,६६७, त्यातून ४०० गेले की २,२६७. दोन्हीकडे निभावलं.

फुकट मात्र नाही. अकरा राइझरच्या टप्प्याला दहा ट्रेड लागतात, म्हणून खालचा टप्पा ५६० मिमीने लांब होऊन तळमजल्याच्या लॉबीत घुसतो. तेवढी लॉबी वाढवावी लागते. आतून जोत्यावर चढायला १५० मिमीच्या पाच पायऱ्या लागतात. आणि दरवाज्याची फरशी खाली गेल्याने पावसाचं पाणी आत येणार नाही असा उतार आणि उंबरा आधीच ठरवावा लागतो. माझं मत विचाराल तर प्लॉट परवानगी देत असेल तेव्हा दरवाजा लॉबीच्या बाजूने घ्यावा, नऊ-नऊचा साधा जिना ठेवावा आणि लँडिंगखाली पाण्याचा पंप बसवावा. पण रस्ता ज्या बाजूला असतो तिथेच दरवाजा येतो, हेही खरं.

तपासायचं कसं

जिन्याच्या दोन्ही टप्प्यांतून एकेक सेक्शन कापायचा. एकच कापला तर दुसऱ्या बाजूची अडचण लपते. मग पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर, छताच्या खालच्या बाजूपर्यंत माप घ्यायचं, तिरकं नाही.

आणखी खात्री हवी असेल तर एक युक्ती आहे. पायऱ्यांच्या वर दहा मिमी सोडून, जिन्याच्या उताराप्रमाणे चढणारा २,२०० मिमी उंचीचा एक भरीव ठोकळा `Generic Models` मध्ये बनवायचा. लँडिंगवर आणि दरवाज्यातही तसाच. मग `Interference Check` मध्ये एका बाजूला हा ठोकळा आणि दुसऱ्या बाजूला जिने, स्लॅब आणि बीम निवडायचे. ठोकळ्याला काहीही शिवलं की तिथे डोकं आपटणार.

त्यात बीम निवडायला विसरायचं नाही. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा लँडिंग म्हणजे नुसती सपाट पाटी असते. स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र तिच्या कडेला दरवाज्यावर बीम देतो. आपल्या जिन्यात लँडिंगचं काँक्रीट दरवाज्याच्या फरशीपासून २,५३३ वर आहे. तिथून बीम ३०० मिमी खोल असेल तर खाली २,२३३ उरतात, प्लास्टर धरूनही चालतं. तोच बीम ४०० चा आला तर २,१३३. म्हणून इंजिनिअरला जिन्याचा नकाशा पाठवताना "इथे बीम ३०० पेक्षा खोल नको, नाहीतर वरच्या बाजूने उलटा घ्या" हे त्याच सेक्शनवर लिहून पाठवायचं.