'जुनी पुस्तके' म्हटलं की पालक बिचकतात

राज्यात पहिलीपासून सुरुवात करून शाळेची पुस्तकं नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, हे आता घरोघरी माहीत आहे. नेमक्या याच काळात शाळेची वापरलेली पुस्तकं विकण्या-घेण्याची सोय ठिकठिकाणी उभी राहते आहे. कुठे सोसायटीतल्या पालकांनी ती केली आहे, कुठे कॉलेजच्या मुलांनी मोबाइल अ‍ॅप काढलं आहे. कल्पना उत्तम आहे, पण नावं पाहिली की हळहळ वाटते. ज्ञानगंगा, विद्यासेतू, अक्षरवेल अशी नावं ऐकून क्लास डोळ्यांसमोर येतो, वाचनालय येतं, बालवाडीही येते. नववीचं भूमितीचं पुस्तक काही येत नाही.

अशा सोयीच्या नावाकडे दोन बाजूंनी पाहिलं जातं. पालकाला कळायला हवं की इथे पैसे वाचतील आणि मिळणारी पुस्तकं यंदा चालतील. मुलाला कळायला हवं की निकाल लागल्यावर कपाटातला गठ्ठा इथे देता येतो. म्हणून नावातला प्रत्येक शब्द घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, अशा दोन्ही कानांनी ऐकून पाहावा लागतो.

पहिल्यांदा सुचतो तो शब्द 'जुनी'. सध्या तोच सगळ्यात धोक्याचा आहे. अभ्यासक्रम बदलत असताना 'जुनी पुस्तके' म्हणजे बाद झालेली पुस्तके, असंच पालक समजतात. शिवाय 'जुनी पुस्तके' या पाटीखाली कादंबऱ्या आणि दिवाळी अंकही येऊन पडतात. 'वापरलेली' म्हटलं तर अभ्यासक्रमाची शंका येत नाही. पुस्तक कुणीतरी हाताळलं आहे, एवढंच कळतं. 'सेकंडहँड' तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात गिऱ्हाईक स्वतःच विचारतं : दहावीचा सेट आहे का, सेकंडहँड?

'पुस्तकपेढी' कानाला छान लागतं. पण शाळा-कॉलेजांत पुस्तकपेढी म्हणजे गरजू मुलांना वर्षभरासाठी पुस्तकं देणारी योजना. आपलं पुस्तक विकून पैसे मिळतील, हे त्यातून कुणाला उमगणार नाही, आणि घेणारा ते फुकट मागेल. 'देवघेव'चंही तेच, कारण वाचनालयातला देवघेव विभाग सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

'पाठ्यपुस्तक' हा शब्द अचूक आहे, पण तो सरकारी पत्रकात जास्त आणि घरात कमी. आई म्हणते शाळेची पुस्तकं, मुलगाही म्हणतो शाळेची पुस्तकं. दोघांच्या तोंडी एकच शब्द असताना तो सोडायचा कशाला? 'इयत्ता' हा शब्द मला फार मोहवत होता, कारण तो मुखपृष्ठावर छापलेला असतो. पण एकट्या 'इयत्ते'वरून पुस्तकांचा बोध होत नाही आणि 'इयत्ता सेकंडहँड' ऐकणारा दुसरीचा वर्ग समजेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : 'शाळेची सेकंडहँड पुस्तकं' हेच नाव, आणि त्याखाली 'विका आणि घ्या' एवढी एक ओळ. लोक म्हणतील, यात ब्रँड कुठे आहे? अमेरिकेत पाठ्यपुस्तकं भाड्याने देऊन मोठ्या झालेल्या कंपनीने 'चेग' हे नाव घेतलं, चिकन आणि एग जोडून. त्याला पुस्तकांचा अर्थ चिकटवायला वर्षं आणि जाहिरातीचा पैसा लागतो. तालुक्याच्या गावी चार शाळांसाठी चालणाऱ्या बाजाराकडे तो नसतो.

या साध्या नावाची किंमत मात्र मोजावी लागते. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार निव्वळ वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. विशिष्ट अक्षररचनेचं चिन्ह नोंदवता येतं, पण त्यामुळे शब्दांवर एकट्याचा हक्क येत नाही. शेजारच्या गावात कुणी तेच नाव घेतलं तर अडवता येणार नाही. तिथे आपल्या गावाचं नाव पुढे जोडावं, म्हणजे ओळखही पटते.

नाव ठरवण्याआधी ते फोनवर सांगून पाहावं, दाखवून नव्हे. चार-पाच पालकांना आणि तितक्याच मुलांना दोनच प्रश्न विचारावेत : इथे काय मिळेल, आणि तुम्ही इथे काय द्याल? पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याला माणूस थबकला, तर नाव निम्मंच काम करतं आहे. मग तेच नाव त्यांना इंग्रजी अक्षरांत टाइप करायला सांगावं. कुणी shalechi लिहील, कुणी shaalechi. वेबसाइट काढणार असाल तर दोन्ही पत्ते घेऊन ठेवावेत.

पुस्तक यंदा चालेल का, याचं उत्तर कुठलंच नाव देऊ शकत नाही. ते प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत द्यावं लागतं. बालभारतीच्या पुस्तकात आतल्या पानावर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रण अशी दोन सालं असतात. पालक पुनर्मुद्रणाचं साल बघून पुस्तक नाकारतात, तिथेच फसगत होते. अभ्यासक्रम कोणता, ते प्रथमावृत्तीवरून कळतं. दहावीच्या पुस्तकांची प्रथमावृत्ती २०१८ ची, म्हणून २०२० चं आणि २०२३ चं पुनर्मुद्रण ही एकाच अभ्यासक्रमाची पुस्तकं. विकणाऱ्या मुलाकडून त्या पानाचा फोटो मागून घ्यावा आणि प्रथमावृत्तीचं साल किमतीच्याही आधी लिहावं.