विंच हळू चालते म्हणून दाब वाढवू नका

विंच संथ ओढू लागली की हात आधी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूकडे जातो. दाब वाढवला की वेग वाढतो, हा या कामातला सर्वांत चिवट गैरसमज. वस्तुस्थिती अशी की मोटरचा वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो. दाब भारामुळे तयार होतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह फक्त त्याची मर्यादा बांधतो. स्क्रू आवळून वेग मिळत नाही, होझ आणि दोर मात्र धोक्यात येतात.

दुसरा गैरसमज टॉर्कचा: भार गुणिले ड्रमची त्रिज्या, झाला हिशेब. किनाऱ्यावर होडी ओढणारी विंच घेऊ. ओढ 20 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 2 टन. ड्रमचा व्यास 300 मिमी, दोर 12 मिमी, गिअरबॉक्स 20:1 आणि त्याची कार्यक्षमता 92 टक्के. नुसती 150 मिमी त्रिज्या धरली तर मोटरला 163 न्यूटन-मीटर टॉर्क लागेल असं दिसतं. पण दोराचे चार थर चढले की दोराच्या मध्यापर्यंतची त्रिज्या 192 मिमी होते, आणि त्याच ओढीला 209 न्यूटन-मीटर लागतात.

आता मोटर निवडू. V म्हणजे एका फेऱ्याला लागणारं तेल, घन सेंटिमीटरमध्ये, Δp बारमध्ये.

```
T = Δp × V / 62.8
```

Δp म्हणजे मोटरच्या दोन तोंडांमधला दाबाचा फरक. पंपाजवळच्या गेजवरचा आकडा नव्हे. रिलीफ 160 बारला असेल, वाटेत 12 बार गेले आणि परतीच्या लाइनीत 8 बार असले, तर हाती उरतात 140. या सूत्राने 80 घन सेंमीची मोटर 178 न्यूटन-मीटर देते, आणि 163 पुढे ते पुरेसं वाटतं. पण हा आकडा घर्षण वगळून आहे. थांबलेला भार हलवताना ऑर्बिटल मोटर त्यातला 78 टक्के टॉर्क देते असं धरू (नेमका आकडा कॅटलॉगमधून घ्यावा). मग उरतात 139. चौथ्या थरावर होडी मध्येच थांबवली, तर ही मोटर जेमतेम 13 किलोन्यूटन ओढेल. 125 घन सेंमीची मोटर सुरुवातीलाच 217 देते आणि काम निभावते, तरी मार्जिन कमीच.

मोठ्या मोटरची किंमत वेगात मोजावी लागते. 40 लिटर प्रवाहात 5 टक्के गळती धरली, तर ती मिनिटाला 304 फेरे घेते आणि ड्रम 15.2. दोर पहिल्या थरावर मिनिटाला सुमारे 15 मीटर येतो, चौथ्यावर 18. याहून वेग हवा असेल तर पंप मोठा हवा.

दोष ओळखताना गेज मोटरच्या इनलेटपाशी लावा. भार अडलाय आणि दाब रिलीफच्या जवळ पोहोचलाय, तर टॉर्क कमी पडतोय. दाब बराच खाली असून दोर रेंगाळतोय, तर तेल पुरेसं येत नाही किंवा मोटरच्या आतून निसटतंय. तेल तापल्यावर वेग आणखी उतरला, तर आतली गळती आधी तपासावी.