हरसूलचा भात आणि सरकारी गोदाम

हरसूल परिसरात खरिपात भात पिकतो. अशा आदिवासी भागात सरकारसाठी तो विकत घेण्याचं काम आदिवासी विकास महामंडळ करतं. 2024-25 मध्ये साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता.

क्विंटलभर भात भरडला की नियमाप्रमाणे 67 किलो तांदूळ मिळायला हवा. म्हणजे नुसत्या धान्यापोटीच किलोला 34 रुपये गेले. बारदान, हमाली, भरडाई, वाहतूक, गोदामभाडं आणि कर्जाचं व्याज वेगळंच. भरडाई रखडली तर साठवलेला भात सुकून वजनात घटतो, वर उंदीर आहेतच.

बाजारात भाव पडला तरी सरकारचा भाव ठरलेला, म्हणून माल खरेदी केंद्रावर येतो आणि पुढच्या वर्षी पेराही भाताचाच होतो. 1 जुलैला देशाला 135 लाख टन तांदळाचा साठा पुरेसा मानतात. प्रत्यक्षात 2025 मध्ये तो त्याच्या दुपटीहून कितीतरी अधिक होता. रेशनवर तांदूळ 2023 पासून मोफत, तिथून वसुली शून्य. जास्तीचा तांदूळ इथेनॉलच्या कारखान्यांना किलोला साडेबावीस रुपयांनी दिला. उरलेला फरक अन्न अनुदानाच्या खात्यावर पडतो.