सारांशातील शंभर टक्के

आमवाताच्या एका रुग्णेच्या मुलाने मध्यंतरी एका इंग्रजी शोधनिबंधाच्या सारांशाची छापील प्रत आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, आयुर्वेदाने शंभर टक्के रुग्णांना गुण आला आहे, मग आईचे मेथोट्रेक्सेट बंद करू का?"

'जर्नल ऑफ क्लिनिकल ऱ्हुमॅटॉलॉजी'मध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेला हा निबंध आहे. 43 रुग्णांचे तीन गट करून 36 आठवडे चिकित्सा दिली गेली: 14 जणांना मेथोट्रेक्सेट, 12 जणांना आयुर्वेदीय चिकित्सा व 17 जणांना दोन्ही. तिन्ही चिकित्सा "जवळपास समतुल्य" असल्याचा निष्कर्ष सारांशात आहे. मात्र "प्राथमिक अभ्यासाच्या मर्यादेत" हे शब्दही लेखकांनी तेथेच लिहिले आहेत. प्रचारपत्रकांत नेमके तेच गळतात.

किमान 20 टक्के सुधारणा हा निकष लावला असता आयुर्वेद गटात 100, तर मेथोट्रेक्सेट गटात 86 टक्के रुग्ण उत्तीर्ण होतात. परंतु हे 100 टक्के म्हणजे केवळ बारा माणसे. बारापैकी बाराही सुधारले तरी, संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने, खरे प्रमाण सुमारे 74 टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. शिवाय व्याधीची तीव्रता मोजणारा गुणांक मेथोट्रेक्सेटने 2.4 ने, तर आयुर्वेदाने 1.7 ने उतरला. हा आकडाही त्याच सारांशात आहे. तो कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही!

म्हणून पूर्ण निबंध हाती आल्यावर आम्ही प्रथम संशोधनपद्धतीत रुग्णसंख्या कशी ठरविली ते पाहतो. 'फरक आढळला नाही' आणि 'दोन्ही समान आहेत' ही दोन वेगळी विधाने होत. समानता सिद्ध करावयाची तर किती फरक नगण्य मानावयाचा, ही मर्यादा आधीच ठरवावी लागते. जानुसंधिगत वाताच्या 440 रुग्णांवरील, 2013 साली 'ऱ्हुमॅटॉलॉजी'त आलेल्या भारतीय अभ्यासाची आखणीच तशी होती. अशी मर्यादा नसलेला छोटा अभ्यास फरक असूनही तो पकडू शकत नाही. त्यानंतर किती रुग्ण दाखल झाले, किती गळाले आणि अखेरच्या हिशेबात किती धरले, हे दर्शविणारी आकृती पाहावी.

उपद्रवांचे कोष्टक तर स्वतः भागाकार करूनच वाचावे. या सारांशात उपद्रवांच्या घटना मेथोट्रेक्सेट गटात 174, आयुर्वेद गटात 112 व संयुक्त गटात 176 दिल्या आहेत. वाचणाऱ्यास संयुक्त चिकित्सा सर्वांत त्रासदायक वाटेल. पण गटांतील रुग्णसंख्या सारख्या नाहीत. प्रत्येक रुग्णामागे हिशेब केला की हेच आकडे अनुक्रमे सुमारे 12.4, 9.3 आणि 10.4 होतात, संयुक्त गट एकट्या मेथोट्रेक्सेटच्या खाली येतो. पुन्हा, या घटना आहेत, माणसे नव्हेत. एकाच रुग्णास दहा वेळा मळमळ झाली की दहा जणांना एकदा, आणि त्यांत गंभीर किती, हे कोष्टकातच शोधावे लागते.

त्या मुलास आम्ही हा भागाकार कागदावर करून दाखविला. आमवातात एकदा झिजलेला संधी पूर्ववत होत नाही, हेही सांगितले. आईचे मेथोट्रेक्सेट तिच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू आहे, सोबत आमची चिकित्साही.