इंजिनातली हवा उलटी फिरते तेव्हा

२७ डिसेंबर १९९१ची सकाळ. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सचं एमडी-८१ विमान १२९ जणांना घेऊन कोपनहेगनकडे निघालं. जमीन सोडून पंचवीसेक सेकंद झाली असतील, तोच मागून धडाधड आवाज येऊ लागले आणि विमान हादरू लागलं. उजव्या इंजिनात ‘सर्ज’ सुरू झाला होता. थोड्याच वेळात डाव्या इंजिनाचीही तीच गत झाली. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत, सुमारे एक किलोमीटर उंचीवर, दोन्ही इंजिनं निकामी झाली.

इंजिनात नेमकं काय बिघडलं, हे कळण्यासाठी आधी कॉम्प्रेसर समजून घ्यायला हवा. जेट इंजिनाच्या पुढच्या भागात फिरत्या आणि स्थिर पात्यांच्या एकाआड एक रांगा असतात. प्रत्येक रांग हवा थोडी थोडी दाबत मागे सारते. म्हणजे हवेला सतत कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जावं लागतं. हातगाडी चढावर ढकलण्यासारखंच हे काम आहे. जोर कमी पडला, की गाडी मागे येते.

हा जोर पात्यांच्या आकारातून येतो. प्रत्येक पातं म्हणजे एक छोटा पंखच असतो. हवा किती वेगाने आत येते आणि पातं किती वेगाने फिरतं, यावरून ती पात्याला कोणत्या कोनात भिडणार हे ठरतं. फेरे तेवढेच राहून हवेचा ओघ घटला, तर हा कोन वाढतो. तो मर्यादेबाहेर गेला, की हवा पात्याच्या पाठीला धरून वाहायचं सोडते आणि तिथे नुसते भोवरे उरतात. हा झाला स्टॉल. तो काही पात्यांपुरताच राहिला, तर इंजिन अडखळत का होईना, चालत राहतं. पण सगळ्या कॉम्प्रेसरचाच जोर गेला, तर ज्वलनकक्षाजवळची दाबलेली हवा उसळून पुढच्या बाजूला येते. हाच सर्ज. दाब उतरला की प्रवाह पुन्हा सुलटा होतो, दाब पुन्हा चढतो आणि कारण कायम असेल तर हेच चक्र सेकंदात अनेकदा घडतं.

वैमानिकाला तोफेसारखा आवाज ऐकू येतो, हादरे जाणवतात, विमानाचं नाक एका बाजूला ओढलं जातं. कधी इंजिनाच्या पुढून-मागून ज्वाळाही निघतात. कॉकपिटमध्ये फेऱ्यांचे आकडे वरखाली होतात आणि मागून निघणाऱ्या वायूचं तापमान झपाट्याने चढतं, कारण इंधन पडत राहतं आणि हवा मात्र पुरत नाही. अशा वेळी सर्ज थांबेपर्यंत त्या इंजिनाचा थ्रस्ट लीव्हर मागे घ्यायचा असतो. इंधन कमी झालं, की ज्वलनकक्षातला दाब उतरतो आणि कॉम्प्रेसरला पुन्हा जोर धरता येतो.

आर्लांडाच्या विमानात नेमकं उलटं घडलं. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या त्या विमानाच्या पंखांवर पारदर्शक बर्फाचा थर बसला होता. निघण्यापूर्वी बर्फ काढलं गेलं, पण हा थर तसाच राहिला. उड्डाणाच्या वेळी तो सुटून शेपटीजवळच्या इंजिनांत गेला. पुढच्या पंख्याची पाती वाकली, हवेचा ओघ विस्कटला. वैमानिकाने उजव्या इंजिनाचा जोर थोडा कमीही केला, पण शक्ती आपोआप वाढवणाऱ्या एका यंत्रणेने तो पुन्हा वाढवला. अशी यंत्रणा विमानात आहे, हे वैमानिकांना माहीतच नव्हतं. सर्ज वाढत गेला आणि इंजिनांचे आतले भाग तुटले. कॅप्टन स्टेफान रासमुसेन यांनी विमान ग्योत्रोरा गावाजवळच्या शेतात उतरवलं. त्याचे तीन तुकडे झाले, तरी १२९ही जण वाचले.

सर्ज टाळण्याची तजवीज इंजिनाच्या रचनेतच केलेली असते. फेरे कमी असताना हवा पुरेशी दाबली जात नाही. मग ती मागच्या अरुंद भागात मावत नाही, तुंबते आणि पुढची पाती स्टॉल होतात. म्हणून मधल्या भागातल्या झडपा उघडून जादा हवा बाहेर सोडतात. अनेक इंजिनांत पुढच्या स्थिर पात्यांचा कोन फेऱ्यांनुसार बदलतो. कॉम्प्रेसरचे दोन भाग वेगवेगळ्या दांड्यांवर बसवले, की प्रत्येकाला आपापल्या सोयीच्या वेगाने फिरता येतं. लीव्हर एकदम पुढे ढकलला, तर आताच्या इंजिनांतला संगणक इंधन बेताबेतानेच वाढवतो, कारण फेरे वाढण्याआधी दाब चढला तर सर्ज ठरलेलाच.

पण पातीच वाकली, तर या सगळ्या तजविजी अपुऱ्या पडू शकतात. मग वैमानिकाने लीव्हर वेळेवर मागे घेणं आणि तो मागेच राहणं, यावर सारं अवलंबून असतं. म्हणूनच लीव्हर आपोआप पुढे नेणारी कोणतीही यंत्रणा वैमानिकाला ठाऊक नसताना विमानात असता कामा नये.