सात मिनिटांचा हिशेब

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वरोऱ्यातल्या उमेदवारालाही आता घड्याळ लावून लिहावं लागतं. नमुना यूपीएससीचाच; तिथल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात. दहा गुणांच्या, १५० शब्दांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटं मिळतात. रोज असे दोन प्रश्न सलग लिहावेत, रविवारी पूर्ण पेपर.

समजा प्रश्न आहे, ‘चंद्रपूर जिल्ह्यातील मानव-वन्यजीव संघर्षाची कारणे सांगा व उपाय सुचवा.’ पहिलं मिनिट कच्च्या आराखड्याला, साडेपाच लिहायला, उरलेलं नजर फिरवायला. वेळ संपली की पेन खाली. अपुरं राहिलेलं नंतर भरलं तर तपासणीच खोटी ठरते.

तपासणी दुसऱ्या दिवशी, लाल पेनाने. आधी कारणांच्या आणि उपायांच्या ओळी वेगवेगळ्या मोजा. बहुतेकांची कारणंच पाऊण पान खातात आणि उपाय दोन ओळींत उरकतात. मग जुन्नरच्या बिबट्यांबद्दलही जसंच्या तसं चालेल असं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. ताडोब्याला लागून असलेली शेतं, मोहफुलं-तेंदूपत्त्यासाठी पहाटे जंगलात शिरणारी माणसं उत्तरात नसतील, तर स्वतःला चारच्या वर गुण देऊ नका. तेच उत्तर आठवड्याने पुन्हा लिहा, जुनं न बघता.